इंदूरला आलात आणि देवदर्शन, नमाज किंवा मिस्सा गाठायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून इंदूरला कामासाठी, लग्नासाठी किंवा उज्जैन-ओंकारेश्वरच्या वाटेवर एक-दोन मुक्कामांसाठी येणाऱ्यांकडून जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. इथे प्रार्थनास्थळ सापडायला फारसा वेळ लागत नाही. चुकामूक होते ती वेळेची, म्हणून जास्त जागा वेळेलाच दिली आहे.

नकाशावर ‘उघडं आहे’ असं दिसतंय. मग आणखी विचारायचं कशाला?

कारण नकाशा फाटकाची वेळ सांगतो, प्रार्थनेची नाही. मशिदीच्या नोंदीपुढे ‘24 तास उघडं’ लिहिलेलं असतं, त्यावरून जमाअत, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, किती वाजता उभी राहते ते कळत नाही. चर्चपुढे ‘9 ते 6’ असतं, पण ती बरेचदा कार्यालयाची वेळ असते आणि रविवारची मिस्सा त्याआधीच आटोपलेली असू शकते. देवळांचं तर विचारूच नका. सकाळपासून रात्रीपर्यंत सलग उघडं दाखवलेलं देऊळ दुपारी नैवेद्यानंतर बंद होतं आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतं, हे नोंद करणाऱ्याच्या ध्यानातच नसतं. या वेळा पुष्कळदा कुणा भक्ताने किंवा वाटसरूने भरलेल्या असतात.

नकाशातली खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे लोकांनी टाकलेले फोटो. दारावरचा वेळापत्रकाचा फलक, मशिदीतल्या घड्याळांची पाटी, चर्चचा सूचनाफलक, यांपैकी काही दिसतं का ते बघा. दिसलं तर आधी फोटोची तारीख पाहा. जूनमधला फलक डिसेंबरमध्ये कामाचा नाही. अभिप्रायही नवे आधी लावून वाचा. ‘दीड वाजता गेलो, दार बंद’ असं कुणीतरी वैतागून लिहिलेलं एक वाक्य मंदिराच्या पाच चांदण्यांपेक्षा जास्त सांगतं.

शोधताना काय लिहायचं?

नुसतं ‘जैन मंदिर’ किंवा ‘चर्च’ लिहिलंत तर जवळचं पहिलं नाव येईल, ते तुमचं असेलच असं नाही. पंथासकट लिहा, हिंदी नावाने लिहा आणि सोबत मोहल्ल्याचं नाव जोडा: राजवाडा, छावणी, सियागंज, पलासिया, विजयनगर. जैनांनी दिगंबर, श्वेतांबर मंदिर आणि स्थानक यांतला फरक आधीच पाहून घ्यावा. स्थानकात मूर्ती नसते, त्यामुळे सकाळच्या पूजेच्या तयारीने निघालेला माणूस तिथे पोहोचला तर त्याला परतच फिरावं लागतं.

ख्रिस्ती पाहुण्यांची गफलत होते ती दोन प्रसिद्ध इमारतींमुळे. रिक्षावाल्याला ‘चर्च’ म्हटलंत तर तो विचारेल, लाल की सफेद? लाल चर्च हे कॅथलिकांचं कॅथेड्रल आहे. रेसिडेन्सी भागातलं सफेद चर्च, म्हणजे सेंट अॅन्स, हे प्रोटेस्टंट चर्च आहे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय.कडे आहे. वसईहून आलेल्या कॅथलिक कुटुंबाला मिस्सा हवी असेल तर लाल चर्च, नगरकडच्या सी.एन.आय. मंडळींना आपली उपासना सफेद चर्चमध्ये मिळेल.

घरच्या वेळा इंदूरला चालतात का? घड्याळ तर एकच आहे.

घड्याळ एकच असलं तरी सूर्य एकच वेळ पाळत नाही. इंदूर मुंबईच्या साधारण तीन रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटं लागतात. म्हणून इंदूरची मध्यान्ह मुंबईच्या सुमारे 12 मिनिटं आधी होते. नागपूर आणखी पूर्वेला आहे, तिथल्यापेक्षा इंदूरची मध्यान्ह सुमारे 13 मिनिटं उशिरा. सूर्याच्या हिशेबाने इंदूर मुंबई आणि नागपूरच्या जवळजवळ मधोमध पडतं.

सूर्योदय-सूर्यास्तात मात्र हा फरक वर्षभर 12 मिनिटांवर टिकत नाही, कारण इंदूर मुंबईच्या उत्तरेलाही आहे. उत्तरेला हिवाळ्यातला दिवस आखूड आणि उन्हाळ्यातला लांब. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य 6 वाजून 5 मिनिटांच्या सुमारास मावळतो, इंदूरला 5 वाजून 46 मिनिटांनीच. जूनमध्ये हाच फरक पाच-एक मिनिटांवर येतो. सकाळी उलटं होतं: जूनमधला सूर्योदय इंदूरला 19 मिनिटं आधी, डिसेंबरमधला जेमतेम पाच मिनिटं आधी. जे सूर्यावर चालतं, मग ती मगरिबची नमाज असो, जैनांचा सूर्यास्तानंतर न खाण्यापिण्याचा चौविहार असो की सायंसंध्या, ते मुंबईच्या तक्त्यावर ठेवलंत तर हिवाळ्यात हमखास चुकेल. फोनमधल्या अॅपलाही स्थान बदलायची परवानगी दिलेली असावी लागते. ती बंद असेल तर अॅप इंदूरच्या लॉजवर बसूनसुद्धा कल्याणच्याच वेळा दाखवत राहतं.

संकष्टीचा चंद्रोदय भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला धरला तर?

दिनदर्शिका मुंबईची असेल तर इंदूरला चंद्र तिच्यापेक्षा आधी उगवतो. कधी चार-पाच मिनिटंच आधी, कधी वीस मिनिटांपर्यंत. चंद्र त्या दिवशी आकाशात किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्यावर ते ठरतं. उपास सोडायला हा फरक तसा सोयीचाच. पण तुम्ही मुंबईच्या वेळेवर विसंबून निघालात तर देवळातली चंद्रोदयाची आरती सुरू होऊन गेलेली असेल. पंचांगात गावांची यादी असते, त्यात इंदूरची ओळ बघा. नाहीतर देवळात सरळ विचारा: ‘आज आरती चंद्रोदय पर होगी या रोज के टाइम पर?’ दोन्ही प्रकार चालतात.

शुक्रवारी इंदूरला आहे. जुम्मा आणि असर कसे गाठू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः कोकणातून येणाऱ्यांचा, म्हणून एक दिवस पूर्ण मांडून दाखवतो.

समजा, डिसेंबरचा तिसरा आठवडा आहे. रत्नागिरीचे एक गृहस्थ महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये खरेदीला आले आहेत. मुक्काम सरवटे बस स्टँडजवळच्या लॉजवर आणि परतीची बस शुक्रवारी संध्याकाळी पाचची. ते शाफई आहेत, जसे कोकणी मुसलमान बहुतेक असतात. इंदूरच्या बहुतेक मशिदी हनफी आहेत. हे दोन्ही सुन्नींचेच मजहब, पण असरच्या नमाजचा हिशेब दोघांचा वेगळा.

गुरुवारी रात्री ते नकाशावर दोन ठिकाणांभोवती मशिदी शोधतात, लॉज आणि मार्केट. जुम्म्याच्या वेळी माणूस खरेदीच्या गल्लीत असणार, लॉजवर नाही; हे विसरून लोक लॉजजवळची मशीद पक्की करतात आणि मग दुपारी राजवाड्याच्या गर्दीतून रिक्षा शोधत बसतात. गल्लीबोळातल्या लहान मशिदी नकाशावर नसतातच, त्यामुळे लॉजच्या काउंटरवरही एकदा विचारतात.

शुक्रवारी पहाटे ते लॉजजवळच्या मशिदीत फजरला जातात. वेळ पक्की करायची याहून खात्रीची पद्धत नाही, कारण आत भिंतीवर पाटी असते. तिच्यावर फजर, जोहर, असर, मगरिब, इशा आणि जुम्मा अशी एकेक घड्याळं असतात आणि त्यांचे काटे हाताने लावलेले असतात. हे काटे जमाअतची वेळ दाखवतात, नमाजचा वक्त सुरू होण्याची नाही. दिवस लहान-मोठा होत जातो तसे ते काही आठवड्यांनी पुढे-मागे केले जातात. मगरिबचं घड्याळ काही ठिकाणी लावलेलंच नसतं, कारण ती सूर्य मावळताच होते.

जुम्म्याचं मार्केटमध्येच विचारावं लागतं. तिथल्या दुकानदाराला नुसतं ‘जुम्मा किती वाजता’ विचारलं तर तो अजानची वेळ सांगेल, कुणी उर्दू बयानाची, कुणी नमाजआधीच्या अरबी प्रवचनाची, म्हणजे खुतब्याची. विचारायचं ते असं: ‘खुतबा कितने बजे शुरू होता है?’ समजा उत्तर आलं दीड, तर एक-दहापर्यंत वुजू करून आत असलेलं बरं, नाहीतर जागा रस्त्यावर मिळते. शेजारच्या दोन मशिदींचे खुतबे अर्ध्या तासाच्या अंतराने असू शकतात. पहिला हुकला तर दुसरा कुठे, हे त्याच दुकानदाराला त्याच वेळी विचारून ठेवावं.

खरी गंमत असरची. शाफई हिशेबाने असर लागते तेव्हा वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झालेली असते, हनफी हिशेबाने दुप्पट. मध्यान्हीची मूळ सावली दोन्हीत वगळून मोजायचं. त्या आठवड्यात इंदूरला पहिली वेळ येते 3 वाजून 26 मिनिटांच्या सुमारास, दुसरी 4 वाजून 11 मिनिटांच्या. जूनमध्ये हे अंतर ऐंशी मिनिटांवर जातं. आपल्या गृहस्थांचा फोन शाफईवर लावलेला आहे, म्हणून ते साडेतीनला मशिदीत पोहोचले तर आत शुकशुकाट. मशीद बंद पडलेली नाही, तिथली असर अजून लागलेलीच नाही. पाटीवर असरची जमाअत साडेचारची असेल आणि बस पाचची, तर दोन वाटा आहेत. साडेतीनला आपल्या मजहबप्रमाणे एकट्याने पढून घ्यावी किंवा साडेचारच्या जमाअतीत उभं राहावं. शाफई हिशेबानेही असरचा वक्त तेव्हा चालूच असतो. सामान लॉजवर असेल तर दुसरी वाट धरणं धाडसाचं. प्रवासातली कसर, म्हणजे नमाज आखूड करून पढणं, करायची की नाही, दोन नमाजा जोडायच्या की नाही, हे आपल्या इमामांकडून घरूनच विचारून यावं.

आणि मगरिब? रत्नागिरीत त्या दिवसांत ती सहा वाजून गेल्यावर असते. इंदूरला 5:46ला, म्हणजे बस शहराबाहेर पडता पडता. पाचच्या आधीच चालकाला विचारून ठेवा की पहिला थांबा कुठे आणि किती वाजता.

मालेगावहून कोकणात जाणाऱ्या हनफी माणसाचं अगदी उलट होतं: तो पोहोचेपर्यंत असरची जमाअत होऊन गेलेली असते.

मशिदीत बायकांची सोय असते का?

सगळीकडे नसते, आणि नकाशावर ते सहसा लिहिलेलं नसतं. सोबतच्या पुरुषाने आधी जाऊन विचारून यावं. वेगळा जिना किंवा वेगळं दार असेल तर वुजूची जागाही तिथेच आहे का, हेही त्याच फेरीत विचारावं.

आम्ही जैन आहोत. दर्शन, पूजा आणि चौविहार, तिन्हींची वेळ कशी धरायची?

इंदूरला जैन वस्ती मोठी आहे, मंदिरं पावलोपावली आहेत. अडचण एकच होते: लोक थेट इतवारिया बाजारातलं काच मंदिर गाठतात. ते सेठ हुकुमचंदांनी बांधवलेलं दिगंबर मंदिर आहे, आणि बघायला येणाऱ्यांचीही तिथे रीघ असते. पाहुण्यांना आत सोडण्याची वेळ नकाशावर सापडेल. अभिषेकाची सापडेलच असं नाही. म्हणून ‘मंदिर कितने बजे खुलता है’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘अभिषेक कितने बजे है और बाहर से आए लोग बैठ सकते हैं क्या’ असं विचारा. पूजेचे कपडे तिथे मिळतात की बरोबर आणायचे, हेही त्याच फोनमध्ये.

चौविहाराचं गणित वर आलंच आहे. हिवाळ्यात मुंबईकर सहा वाजेपर्यंत निवांत जेवतो. इंदूरला त्या वेळेपर्यंत सूर्य मावळून पाव तास होऊन गेलेला असतो. भोजनशाळा असलेल्या धर्मशाळेत उतरला असाल तर स्वयंपाकघर शेवटचं ताट किती वाजता वाढतं ते सकाळीच विचारा. सूर्यास्ताच्या आत पाण्यासकट सगळं उरकायचं असतं, त्यामुळे शेवटचं ताट सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी वाढलं जातं. सकाळी उपास सोडण्याच्या नवकारसीला मात्र मुंबईची सवय फार नडत नाही: सूर्योदयानंतर 48 मिनिटं, आणि डिसेंबरमध्ये सूर्योदयाचा फरक पाच मिनिटांचाच.

रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून काय करावं?

शनिवारी दुपारीच फोन करा, रविवारी सकाळी नाही; तेव्हा फादर वेदीवर असतात. विचारायच्या गोष्टी दोन. कोणत्या भाषेतली मिस्सा किती वाजता, कारण हिंदी आणि इंग्रजीच्या वेळा वेगळ्या असतात. आणि शनिवारी संध्याकाळी मिस्सा आहे का. कॅथलिक चर्चमध्ये शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, त्यामुळे रविवारी पहाटेची गाडी असणाऱ्याची तेवढ्यावर सोय होते. नाताळचा आठवडा आणि पवित्र सप्ताह यांत नेहमीचं वेळापत्रक गुंडाळून ठेवलेलं असतं. त्या दिवसांत जुना फोटो अजिबात धरू नका.

श्रावण अजून लागला नाही, तरी इंदूरला शंकराच्या देवळांत रांगा कशा?

तिथला लागलेला असतो. मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण कृष्ण पक्षाला त्यांचं नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढचं. त्यामुळे हिंदी ‘सावन’ आपल्या श्रावणाच्या साधारण पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखी पौर्णिमेला संपतो, तेव्हा आपला अर्धा श्रावण बाकी असतो. सावनच्या सोमवारी देवळं लवकर उघडतात, गाभाऱ्यातला प्रवेश थांबवतात, दर्शनाची रांग दुसऱ्या दारातून फिरवतात. आपल्या श्रावणाच्या पहिल्या दोन सोमवारी तुम्ही त्यांच्या ऐन गर्दीत सापडता. शेवटच्या दोन सोमवारी तीच देवळं नेहमीसारखी असतात, आणि ही सवलत वापरणारे मराठी पाहुणे फार थोडे. इथली जुनी मराठी घरं अजूनही आपलाच श्रावण पाळतात, त्यामुळे नातेवाइकांकडे उतरलात तर तारखेवरून गोंधळ नको म्हणून ‘तुमचा की त्यांचा’ हे विचारून घ्या.

खजराण्याच्या गणपतीला मंगळवारी गर्दी असेल ना?

आपल्याकडे मंगळवार, इथे बुधवार. खजराण्याला बुधवारी आणि रविवारी रीघ लागते. मंगळवारी सकाळी गेलात तर सुटसुटीत दर्शन होतं, अंगारकी नसेल तर. तिथे गर्दीच्या दिवशी देऊळ बंद होण्याची वेळ आणि रांगेत घेण्याची शेवटची वेळ या दोन निराळ्या गोष्टी असतात. विचारायची ती दुसरी.

शीख, बोहरी, बौद्ध प्रवाशांसाठी काही?

गुरुद्वाऱ्यात वेळेची चिंता सगळ्यात कमी. राजवाड्याच्या बाजूला इमली साहिब आहे. डोकं झाकून केव्हाही मत्था टेकता येतो. कीर्तन किंवा लंगर हवं असेल तरच वेळ विचारा.

दाऊदी बोहऱ्यांची वस्ती सियागंज आणि सैफी नगरकडे आहे. जोहर-असर एकत्र होत असल्यामुळे शेजारच्या सुन्नी मशिदीच्या पाटीवरून अंदाज बांधू नका. त्यांची तारीखही मिस्री पंचांगाची, म्हणजे आधीच ठरलेली असते, त्यामुळे रमजान आणि ईद बरेचदा एखाद-दोन दिवस आधी येते. त्या दिवसांत जमातीतल्या माणसाकडूनच विचारून घ्या.

बौद्ध मंडळी बहुधा महूला जायचं ठरवूनच येतात, बाबासाहेबांच्या जन्मस्थळी. रेल्वेने जाणार असाल तर स्थानकाचं नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, तिकीट त्याच नावाने काढा. स्मारक बघण्याची वेळ आणि सामूहिक वंदनेची वेळ वेगवेगळी विचारा. 14 एप्रिलच्या आसपास लाखोंची गर्दी असते, तेव्हा स्थानकापासूनच चालायची तयारी ठेवा.

फोन कुणी उचलतच नाही. आता?

दुपारी एक ते चार फोन करू नका, देवळातला माणूस वामकुक्षीला असतो. सकाळच्या आरतीनंतर लगेच किंवा संध्याकाळी उघडल्या-उघडल्या करा. तरी लागला नाही तर दाराशी जो हार-फुलांचा, टोपी-अत्तराचा किंवा मेणबत्त्यांचा ठेला असतो, त्याला विचारा. त्याचा धंदा त्याच वेळांवर चालतो, त्यामुळे कालपासून वेळ बदलली असेल तर ते विश्वस्तांच्या आधी त्याच्या तोंडून कळतं. देऊळ लांब असेल तर जवळच्या दुकानाचा नंबर नकाशावरून काढून तिथे फोन लावायलाही हरकत नाही. इंदूरकर सांगतात, वर पोह्यांची गाडी कुठली चांगली तेही सांगतात.

आमच्या मुक्कामात ग्रहण आहे. देवळं बंद असतील का?

ग्रहण इंदूरला दिसणार असेल तर बहुतेक हिंदू देवळं वेधातच बंद होतात. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. सूर्यग्रहणाचे चार प्रहर, बारा तास आधी. रात्री साडेनऊचं चंद्रग्रहण असेल तर दुपारी साडेबारालाच दारं मिटतील आणि मोक्षानंतर देवळाची धुलाई झाल्यावरच उघडतील. ग्रहण रात्री उशिरा सुटलं तर ती दुसऱ्या दिवशी सकाळीच. काही देवळं वेध न मानता फक्त स्पर्श ते मोक्ष एवढाच काळ बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी दारावरची सूचना वाचून या. इंदूरला न दिसणाऱ्या ग्रहणाला वेध पाळत नाहीत आणि नेहमीचं वेळापत्रक चालतं, टीव्हीवर कितीही चर्चा झाली तरी.